१८५ काढून १९५ बसवले: टायरवरचे आकडे, ॲव्हरेज आणि काही महिन्यांचा अनुभव

सोबत दोन फोटो आहेत. एक काढून टाकलेल्या टायरचा आणि दुसरा गेले काही महिने गाडीला असलेल्या टायरचा. त्यांच्या बाजूवर हे लिहिलं आहे:

```
185/65 R15 88H
195/65 R15 91H
```

टायर कोणत्या कंपनीचे ते सांगत नाही, कारण मला जे फरक जाणवले त्यांतल्या बहुतेकांचा संबंध कंपनीशी नाही, ह्या दोन ओळींशी आहे. टायर बदलले की ॲव्हरेज पडतं, असं जवळपास प्रत्येक जण म्हणतो. माझ्या गाडीचंही पडलं, निदान मीटर तसं सांगत होता. त्यातलं खरं किती आणि मीटरचं किती, हे ह्याच आकड्यांवरून काढता येतं.

आधी फोटोबद्दल. काळ्यावर काळी अक्षरं असल्यामुळे समोरून फ्लॅश मारला की काही दिसत नाही. टायरची बाजू ओल्या फडक्याने पुसून घ्या, खडू आडवा धरून उठावाच्या अक्षरांवरून फिरवा किंवा टॉर्च अगदी कडेने, तिरपा धरा. सावली पडली की अक्षरं आपोआप उठून दिसतात. चारही टायरांचे आणि स्टेपनीचा, असे सगळे फोटो काढून ठेवा. दुकानात तोंडी साइझ सांगताना दुसरा आकडा हमखास राहून जातो, आणि सगळा गोंधळ त्या दुसऱ्या आकड्यातच असतो.

पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. हवा भरलेल्या टायरच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंतची ही रुंदी आहे. रस्त्याला टेकणारा पट्टा त्याहून अरुंद असतो. शिवाय ही रुंदी ठरावीक रुंदीच्या रिमवर मोजलेली असते. रिम अर्ध्या इंचाने अरुंद असली तर टायर साधारण ५ मिलिमीटर आत ओढला जातो. माझ्या रिमा साडेपाच इंचाच्या आहेत आणि १९५ चा टायर सहा इंची रिमवर मोजतात, म्हणजे माझ्या गाडीवर तो पूर्ण १९५ भरतच नाही. जुन्या टायरशी तुलना केली तर रुंदीतला फरक १० नसून पाचेक मिलिमीटरचा उरतो. टायर चांगले रुंद दिसतील ह्या आशेने कोणी हा बदल करत असेल, तर डोळ्यांना फार काही मिळणार नाही.

आता ६५. ही मिलिमीटरमधली उंची नाही. रुंदीच्या किती टक्के उंची आहे, ते हा आकडा सांगतो. दोन्ही टायरांवर ६५ च असल्यामुळे दोघांची उंची सारखी वाटते आणि टायरवालाही "तीच साइझ, फक्त जरा रुंद" असं सांगून मोकळा होतो. पण १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२०.२५ मिलिमीटर आणि १९५ चे ६५ टक्के म्हणजे १२६.७५. रुंदी वाढली की उंची तिच्याबरोबर वाढतेच. रिमचा व्यास १५ इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची अशी दोन वेळा उंची मिळवली की जुन्या चाकाचा पूर्ण व्यास ६२१.५ येतो आणि नव्याचा ६३४.५. तेरा मिलिमीटरचा, म्हणजे २.१ टक्क्यांचा फरक. (एकाच ओळीत रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची टक्क्यांत आणि रिम इंचांत! ही पद्धत ज्यांनी ठरवली त्यांना नमस्कार.)

मूळ व्यासाच्या तीन टक्के आतबाहेर राहावं, असा टायरवाल्यांचा ढोबळ नियम आहे; मी त्यात बसत होतो. उंची जवळपास तीच ठेवायची असेल तर १९५ बरोबर ६५ ऐवजी ६० घ्यावा लागतो. तेव्हा व्यास ६१५ येतो, मूळ मापापेक्षा एक टक्का कमी. ते टायरही दुकानात होते. पण गाडी खड्ड्यांतून आणि गतिरोधकांवरून जाते, तिची उंची आणखी कमी करायची नव्हती, म्हणून मी समजून-उमजून ६५ घेतले. आधी गाडीच्या पुस्तकात ही साइझ चालते का, ते पाहिलं. टायर बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला बोट घालून जागा तपासली. काही गाड्यांत टायर नेमका तिथे घासतो, आणि तेही गाडी भरलेली असताना वळणावर. माझ्याकडे अजून तरी कुठे घासल्याची खूण नाही.

आता ॲव्हरेज. जुने टायर झिजून गुळगुळीत झाले होते, आणि हिशोबात हीच गोष्ट सगळे विसरतात. नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात. झिजत झिजत त्या १.६ वर आल्या की खाचांमधल्या छोट्या उंचवट्यांशी टायर समपातळीत येतो आणि बदलायची वेळ झाली असं समजायचं. म्हणजे प्रत्येक बाजूने ६.४ मिलिमीटर रबर गेलेलं असतं आणि व्यास पावणेतेरा मिलिमीटरने घटलेला असतो. थोडक्यात, टायर नवा असतानापासून बाद होईपर्यंत चाक स्वतःच दोन टक्के लहान होतं. माझे जुने टायर काढताना कागदावर ६०९ च्या आसपास होते. तिथून मी थेट ६३४.५ वर गेलो. फरक २.१ टक्के नाही, चार टक्क्यांच्या थोडा वर, आणि त्यातला निम्मा साइझ न बदलताही आलाच असता.

मीटर चाकाचे फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. चाक मोठं झालं की तेवढाच रस्ता कमी फेऱ्यांत संपतो आणि मीटर कमी किलोमीटर दाखवतो. जुन्या टायरांवर स्पीडोमीटर १०० दाखवायचा तेव्हा फोनवरचं जीपीएस ९३ च्या आसपास असायचं. आता १०० ला जीपीएस ९७ दाखवतं. स्पीडोमीटर मुद्दाम थोडा जास्त दाखवतील असेच बनवतात, त्यामुळे माझा काटा खऱ्या वेगाच्या जवळ आला इतकंच. पण हेही लक्षात ठेवायला हवं, की पूर्वी काट्यावर १०० ठेवून मी जितक्या वेगाने जात होतो, त्याहून आता खरोखर जास्त वेगाने जातो. व्यास आणखी वाढवला असता तर काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवू लागला असता, आणि मग वेगाचा दंड आपल्याला कळायच्या आत झाला असता.

टाकी पूर्ण भरून मोजल्यावर पूर्वी लिटरला १८ किलोमीटर यायचे. नव्या टायरांवर तोच हिशोब १७ वर आला. पाहताक्षणी मन खट्टू होतं. पण ह्या १७ ला १.०४२ ने गुणलं की १७.७ येतात. म्हणजे जुन्या मोजपट्टीने पाहिलं तर खरी घट एक किलोमीटरची नसून तीन दशांशाची आहे, आणि ती मला खरी वाटते: नव्या, जाड रबराच्या टायरला गोल फिरताना झिजलेल्या टायरपेक्षा जास्त ताकद लागतेच. जसजशा खाचा झिजतील तसं मीटरवरचं ॲव्हरेज पुन्हा वर चढलेलं दिसेल, आणि त्या वेळीही त्यातला बराचसा भाग मीटरचाच असेल.

चालवताना काय जाणवतं? चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी पूर्वीपेक्षा किंचित लवकर दमते. मोठं चाक म्हणजे सगळेच गिअर थोडे लांब झाल्यासारखं आहे. खड्डे मऊ लागतात, कारण बाजूचं रबर उंच आहे. पावसातली पकड खूप सुधारली, पण त्याचं श्रेय मी रुंदीला देणार नाही. ते खोल खाचांचं आहे. पाण्यावर तरंगण्याच्या बाबतीत, बाकी सगळं सारखं असेल तर, रुंद टायर उलट थोडा तोट्यातच असतो.

R चा अर्थ रेडियल. मोटारीला आता दुसरं काही सहसा मिळतच नाही. १५ मध्ये घासाघीस चालत नाही: १५ च्या रिमवर १५ चाच टायर बसतो. शेवटचा ९१ हा वजनाचा सांकेतिक आकडा, किलो नव्हे. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, ९१ म्हणजे ६१५. चार टायरांचे मिळून २२० किलो वाढले, पण म्हणून गाडीत २२० किलो जास्त भरता येत नाहीत. ॲक्सल, स्प्रिंगा आणि ब्रेक तेच आहेत; मर्यादा गाडीच्या पाटीवर लिहिलेलीच राहते. शिवाय हे वजन हवा पुरेशी असेल तरच पेलतं. हवा मी दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणेच ठेवतो. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत जो सर्वाधिक दाब छापलेला असतो, तो रोज भरायचा दाब नाही. तितका भरला तर टायर मधोमध झिजतो.

H म्हणजे ताशी २१० किलोमीटर. तेवढ्या वेगाने मी कधी जाणार नाही, मग १९० वाला T का नको, असं दुकानात विचारून झालं. तो घेतला नाही, कारण हे अक्षर खरं तर टायर किती उष्णता सोसतो ते सांगतं. भरलेली गाडी, तापलेला रस्ता आणि थोडी कमी हवा एकत्र आली की ती जास्तीची सोय कामी येते. पुस्तकात दिलेल्या अक्षराच्या आणि वजनाच्या आकड्याच्या खाली जाऊ नये. वर गेलं तर चालतं.

राहिली स्टेपनी, आणि ती अजून १८५ चीच आहे. मध्यंतरी पुढचं चाक पंक्चर झालं तेव्हा मी स्टेपनी थेट पुढे लावली नाही. माझ्या गाडीत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते, आणि पुढे एक चाक दोन टक्के लहान असलं तर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा आतला डिफरेन्शियल सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतो. म्हणून मागचं एक चाक काढून पुढे लावलं आणि स्टेपनी मागे. मेहनत दुप्पट झाली, जॅक दोनदा लावावा लागला. थोडं अंतर गेल्यावर डॅशबोर्डवर हवा कमी असल्याचा दिवा लागला. माझ्या गाडीत व्हॉल्व्हमध्ये सेन्सर नाहीत. एखादं चाक इतरांपेक्षा जलद फिरतंय का एवढंच ती बघते, कारण हवा गेलेलं चाक लहान होऊन जास्त फेरे घेतं. स्टेपनीत हवा बरोबर होती, चाकच लहान होतं. पंक्चर काढून मूळ चाक जागेवर बसवलं, मेन्यूतून सिस्टिम रीसेट केली आणि दिवा गेला. नवे टायर बसवल्यावरही हाच रीसेट करावा लागतो, आणि तो बसवणारा आपणहून करेलच असं नाही. स्टेपनी असतानाचा वेग मी ८० च्या आत ठेवला होता, आणि पुढच्या खेपेला चार नव्हे, पाच टायर घेणार आहे.