मोठी बरणी की छोटा डबा?

परळच्या एका ताईंनी विचारलं, मोगऱ्याची सोया मेणबत्ती कुठली घेऊ, म्हणून दोन्ही घरी जाळून बघितल्या. १८० ग्रॅमची काचेची बरणी तासाला साधारण ६ ग्रॅम मेण खाते, तळाशी १ सेंटीमीटर मेण सोडायचंच, म्हणजे २५ तास धरा. ६० ग्रॅमचा डबा १२ तास. वास बेडरूमपुरता येतो, हॉलभर नाही, आणि पंख्याखाली तर दोन्हींचा उडून जातो. बरणीला पहिल्यांदा सलग ३ तास द्या, मेण कडेपर्यंत वितळलं नाही तर मधेच खड्डा पडतो. डब्याला २ तास पुरतात. वात दरवेळी ५ मिलिमीटर उरेल इतकी कापा. रोज संध्याकाळी निवांत बसत असाल तर बरणी घ्या, अधूनमधून लावायची असेल तर डबाच बरा.