वुल्फ नेट, सात महिने वापरल्यावर: चार मिलिमीटरचं दुखणं

वुल्फ नेट म्हणजे स्फटिकाच्या प्रतलांमधले कोन कागदावर मोजायचं गोल जाळं. नेट, ट्रेसिंग पेपर आणि मधोमध टोचलेली पिन, एवढाच सगळा पसारा आहे, त्यामुळे जास्त ओळख करून देत नाही. माझं नेट दोन-दोन अंशांच्या खुणांचं, १८ सेंटिमीटर व्यासाचं. सीताबर्डीतल्या एका दुकानातून पाच रुपयांत झेरॉक्स काढून आणलं आणि पुठ्ठ्यावर चिकटवलं. छापील नेटला पैसे घालायची गरज वाटली नाही. सात महिन्यांनी सांगतो, तिथेच चुकलं.

गेल्या महिन्यात क्यूबिक स्फटिकाचं (००१) प्रोजेक्शन नव्याने काढत होतो. (००१) मध्यभागी, (१००) आणि (०१०) कडेवर. (१११) बसवायला कडेवर ४५ अंशांवर खूण केली, ती खूण आडव्या व्यासावर आणली आणि मध्यापासून ५४.७ अंश मोजून ठिपका दिला. बाकीचे तीन पोल, म्हणजे तसल्याच प्रतलांचे ठिपके, तेही असेच. चौघांचा चौरस इतका नेटका आला की शंका घ्यायला जागाच नव्हती. मग सहज ट्रेसिंग फिरवून तोच ठिपका उभ्या व्यासावर आणला आणि वाचला, तर ५३.७! अख्खा एक अंश गायब.

आधी वाटलं पिनचं भोक मोठं झालंय. पिन बदलली, फरक तोच. शेवटी ट्रेसिंगवर नेटची कड गिरवली आणि कागद ९० अंशांनी फिरवला. एका व्यासाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन मिलिमीटरची फट दिसली. पट्टी लावली: उभा व्यास १८.०, आडवा १७.६. झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स असणार, दर वेळी कागद सरकायच्या दिशेत थोडं थोडं आकसत गेलेलं.

हिशेबही जुळतो. मध्यापासूनचं अंतर r = R tan(φ/2), R म्हणजे नेटची त्रिज्या आणि φ म्हणजे मध्यापासूनचा कोन. आडव्या त्रिज्येने (८.८) तो पोल ४.५५ सेंटिमीटरवर पडतो, आणि उभ्या त्रिज्येने (९.०) तेच ४.५५ वाचलं की ५३.७ अंश निघतात. सगळे पोल आडव्यावरच मांडले तर चूक सगळीकडे सारखी पडते, म्हणून सहा महिने ती लपून राहिली.

दुकानात परत गेलो. काका म्हणाले, "भाऊ, चार मिलिमीटरनं काय होते?" खूप होतं, काका. नेट दोन्हीकडून सारखं लहान झालं असतं तर कोन जसेच्या तसे राहिले असते. एकाच बाजूने आकसलं की नेट मोडलंच. पैसे परत मिळाले नाहीत, आणि पाच रुपयांसाठी मी त्या दिवशी फार वेळ भांडलो.

याच रागात नेटवर आणखी एक आरोप ठेवला होता, तो मात्र मागे घेतो. एक अनोळखी पोल (१११) पासून २२ अंशांवर वाचला जात होता. तो (३२१) की (३३१), हे काही केल्या ठरेना. खापर झेरॉक्सवर फोडलं. नंतर गणित केलं तर (१११) पासून (३२१) २२.२ अंशांवर आणि (३३१) २२.० वर. दोन अंशांच्या खुणांचं कितीही चोख नेट आणलं तरी हा फरक डोळ्याला दिसायचा नाही. चूक माझी, मी चुकीच्या पोलपासून मोजत होतो. (११०) पासून मोजलं तर (३३१) १३.३ वर आणि (३२१) १९.१ वर येतो, जवळजवळ सहा अंशांचं अंतर.

ते मोजणंही सोपं. (११०) कडेवरच असतो, म्हणून ट्रेसिंग फिरवून तो नेटच्या उत्तर टोकावर आणायचा. सगळी रेखावृत्तं तिथूनच निघतात, त्यामुळे अनोळखी पोल कुठल्या ना कुठल्या रेखावृत्तावर आपोआप येतो. मग टोकापासून अक्षवृत्तं मोजायची. माझा पोल १९ वर निघाला, म्हणजे (३२१). पोल कडेवर नसेल तेव्हा दोन्ही पोल एकाच रेखावृत्तावर येईपर्यंत कागद फिरवावा लागतो. दोन ठिपक्यांमध्ये सरळ पट्टी धरून मोजलं की उत्तर चुकतं, आणि ही चूक मी स्वतः सुरुवातीचे दोन आठवडे केली आहे.

आता नवीन नेट आणलंय, फाइलवरून थेट छापलेलं. प्रिंट काढताना `Actual size` निवडलं आणि दुकानातच दोन्ही व्यास पट्टीने मोजले: १८.० आणि १८.०. पंचवीस रुपये गेले, पण (१११) आता आडवा वाचा की उभा, पावणेपंचावन्नच्या आसपासच येतो. फक्त मे महिन्यात कूलरच्या झोतासमोर बसू नका. दमट हवेने ट्रेसिंग फुगतो आणि सकाळी गिरवलेलं वर्तुळ दुपारी नेटच्या कडेशी जुळत नाही. माझं टेबल मी खिडकीकडून आतल्या भिंतीला सरकवलंय.