आयोडीनचा निळा-काळा रंग: फोडीवर थेंब की परीक्षानळीत पेज?

स्टार्च दाखवताना आयोडीन सरळ पदार्थावर टाकायचं की पीठ उकळून परीक्षानळीत, यावर शाळेत नेहमी अडतं. दोन्हीकडे द्रावण फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाचं हवं.

मेहनत पाहिली तर फोड सोपी. पांढऱ्या बशीत बटाट्याची ताजी फोड, तिच्यावर एक थेंब, अर्ध्या मिनिटात रंग. पण तो वाचणं अवघड, कारण घट्ट द्रावणाचा नुसता तपकिरी डागही काळा भासतो. म्हणून शेजारी साध्या पाण्यात एक थेंब टाकावा. तो पिवळसरच राहतो. तुरीचा अख्खा दाणा घेतला तर साल थेंब आत जाऊ देत नाही, तो फोडूनच घ्या.

नळीला वेळ लागतो. चिमूटभर ज्वारीचं पीठ 10 मिली पाण्यात दोन मिनिटं उकळा, पूर्ण गार करा, मग 2 थेंब टाका. घाई इथेच नडते. स्टार्चमधल्या अमायलोजच्या वेटोळ्यात आयोडीन अडकलं की निळा रंग येतो, आणि उष्णतेने ते सुटतं. गरम पेजेत रंग दिसलाच नाही, तर ‘स्टार्च नाही’ असं लिहू नका. विदर्भातल्या एप्रिलमध्ये पेज आपोआप लवकर निवत नाही. नळी माठातल्या गार पाण्याच्या पेल्यात धरा, निळा परत उमटतो. फारच काळं दिसलं तर थोडं पाणी घाला, खरा निळा कळतो.

पूर्ण वर्गाला झटपट दाखवायचं असेल तर फोड. दोन पिठांची तुलना करायची किंवा स्टार्च अगदी थोडा असेल, तर नळीच.