बिलिंग, कॅमेरे आणि गिऱ्हाइकांचे वायफाय एकाच राऊटरवर: काय बदलावे, किती खर्च करावा

मंगेशी-म्हार्दोळच्या बाजूला रस्त्यालगत असते तसे एक दुकान समजा. काजूगर, कोकम आगळ, मसाले. शेजारी चहा-भजीची चार टेबले. ५० एमबीपीएसची फायबर जोडणी आहे आणि इंटरनेटवाल्याने भिंतीवर लावून दिलेला घरगुती राऊटर आहे. त्याच राऊटरवर बिलिंगचा कॉम्प्युटर, बिलाचा प्रिंटर, सहा वायफाय कॅमेरे आणि गिऱ्हाइकांचे फोन चालतात. एरवी तक्रार नसते. सहलीची बस थांबली की मात्र बिलाच्या पडद्यावरचे चक्र फिरत राहते आणि काऊंटरवर रांग लागते.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो प्लॅन वाढवण्याचा, आणि बहुतेकदा तो वाया जातो. ऑनलाइन सॉफ्टवेअरमधले एक बिल म्हणजे काही किलोबाइटांचा मामला. त्याला वेग फारसा लागत नाही, पण उत्तर ताबडतोब यावे लागते. उशीर कुठे होतो ते कळल्याशिवाय कुठलाच पर्याय निवडता येत नाही, म्हणून आधी निदान करू.

दुकान मंदावलेले असतानाच बिलिंगच्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून हे दोन पिंग एकामागून एक चालवा. पिंग म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजणे. राऊटरचा पत्ता वेगळा असेल तर तो घाला.

```
ping -n 50 192.168.1.1
ping -n 50 8.8.8.8
```

पहिला पिंग राऊटरपर्यंतच जातो. केबलने जोडलेल्या कॉम्प्युटरवर तो एक मिलिसेकंदाच्या आसपास, वायफायवर दहाच्या आत असायला हवा. तोच शंभर-दोनशेवर उड्या मारत असेल किंवा मध्येच तुटत असेल, तर दोष दुकानातल्या वायफायचा आहे. बाहेरची लाईन कितीही वाढवली तरी तो जाणार नाही. पहिला पिंग ठीक, पण बाहेर इंटरनेटवर जाणारा दुसरा एरवीच्या वीस-तीसवरून पाचशेच्या पुढे गेला, तर लाईन भरली आहे, आणि बहुधा वर जाणाऱ्या बाजूने. दोन्ही ठीक असून बिल अडत असेल, तर सॉफ्टवेअरवाल्याला फोन करा. यूपीआयच्या साऊंडबॉक्सवरून मात्र अंदाज बांधू नका. तो बहुधा स्वतःच्या सिमवर चालतो, त्यामुळे राऊटर आजारी असतानाही तो खणखणीत बोलतो.

आपल्या दुकानात दोन्ही दोष असण्याची शक्यता मोठी, आणि त्यांची मुळे वेगवेगळी आहेत.

वायफायचा दोष बहुतेकदा कॅमेऱ्यांपाशी सापडतो. वायफायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. मागच्या गोदामातला कॅमेरा आणि राऊटर यांच्यामध्ये चिऱ्याच्या जाड भिंती असतील, तर सिग्नल पडतो आणि कॅमेरा ६.५ एमबीपीएससारख्या तळाच्या दरावर उतरतो. त्याच दराने त्याला सतत २ एमबीपीएसचे चित्र पाठवायचे असते. म्हणजे हवेतल्या वेळेचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग तो एकटाच खातो. असे दोन कॅमेरे असले की राऊटरला टेकून ठेवलेला बिलिंगचा लॅपटॉपही ताटकळतो. या कॅमेऱ्यांना ५ गिगाहर्ट्‌झवर नेऊन उपयोग नाही, कारण चिऱ्याच्या भिंतीतून ते अजून कमी जाते. शिवाय बरेचसे स्वस्त कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचेच असतात.

लाईन भरते ती फोनमुळे. पर्यटकांनी दिवसभर फोटो काढलेले असतात, आणि वायफाय मिळताच फोन ते आपोआप क्लाऊडवर चढवायला घेतो. चार मेगाबाइटचा एक फोटो, असे शंभर फोटो म्हणजे ३,२०० मेगाबिट. ५० एमबीपीएसची सगळी अपलोड लाईन एकट्या फोनला दिली तरी एक मिनिट लागेल. असे दहा फोन आले की दहा मिनिटांहून अधिक काळ लाईन ठासून भरलेली, आणि बिलाची चिमुकली विनंती त्या रांगेच्या शेवटी. प्लॅन १०० चा केला तर रांग थोडी लवकर सरेल इतकेच. कॅमेरे क्लाऊडवर रेकॉर्ड करत असतील तर सहा कॅमेऱ्यांचे १२ एमबीपीएस रात्रंदिवस त्यात मिसळलेले असतात.

आता पर्याय पाहू.

पहिला म्हणजे राऊटर तोच ठेवून जोडणी सुधारणे. खर्च केबलचा, आणि हे काम पुढचा कुठलाही पर्याय निवडला तरी करावेच लागते. बिलिंगचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर कॅट-६ केबलने जोडा. प्रिंटरला राऊटरमध्ये कायमचा पत्ता राखून ठेवा, नाहीतर राऊटर बंद-चालू झाल्यावर पत्ता बदलतो आणि छपाई थांबते. कॅमेऱ्यांना केबलवर नेता आले तर उत्तम. निदान ते गोदामातले दोन तरी न्या. वायफायचेच कॅमेरे ठेवायचे तर सेटिंगमध्ये चित्र अधिक दाबून पाठवणारे एच.२६५ निवडून बिटरेट १ एमबीपीएसवर आणा. २.४ गिगाहर्ट्‌झचा चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी शेजाऱ्यांची गर्दी कमी असलेला ठेवा. केबल घेताना शुद्ध तांब्याचीच मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त पडते, पण तिचा रोध जास्त असतो आणि केबलमधूनच वीज घेणारे कॅमेरे लांब अंतरावर बंद पडू लागतात.

गिऱ्हाइकांसाठी अशा राऊटरवर ‘गेस्ट’ नेटवर्क करता येते, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका. काही स्वस्त राऊटरांत ते फक्त दुसऱ्या नावाचे वायफाय असते, आतून सगळे एकच. तपासणी सोपी आहे: फोन गेस्टवर जोडा, मोबाईल डेटा बंद करा आणि ब्राउझरमध्ये राऊटरचा व कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरचा पत्ता टाका. लॉगिनचे पान उघडले तर गिऱ्हाईक तुमच्या घरातच उभे आहे.

फोनांची आणखी एक अडचण याच राऊटरवर येते. पत्ते वाटण्याची मर्यादा काही राऊटरांत ३२ किंवा ६४ वर ठेवलेली असते आणि दिलेला पत्ता २४ तास अडकून राहतो. दोन बसगाड्यांत पत्ते संपतात आणि मग नवीन फोन जोडतो, पण नेट मिळत नाही. पत्ते वाटणाऱ्या DHCP च्या पानावर मुदत एक तास करा आणि मर्यादा वाढवा, की हे थांबते.

दुसरा पर्याय, साधारण हजार-दीड हजाराचा आणखी एक घरगुती राऊटर. इथे जवळजवळ सगळेच जण क्रम उलटा लावतात. नवा राऊटर जुन्याच्या पाठीमागे जोडून त्यावर गिऱ्हाइकांना बसवले, तर गिऱ्हाइकाचा बाहेर जाण्याचा रस्ता तुमच्या बिलिंगच्या नेटवर्कमधूनच जातो, आणि त्याला तिथले कॅमेरे व प्रिंटर गाठता येतात. योग्य क्रम असा: गिऱ्हाईक इंटरनेटवाल्याच्या बाहेरच्या राऊटरवर, आणि बिलिंग व कॅमेरे पाठीमागच्या नव्या राऊटरवर. नव्याच्या WAN पोर्टला जुन्याच्या LAN पोर्टमधून केबल द्या, आणि आतल्या नेटवर्कचा पत्ता वेगळा ठेवा, उदाहरणार्थ 192.168.10.1. दोन्हीकडे 192.168.1.1 राहिले तर काहीच चालणार नाही. मोबाईलवर कॅमेरे दाखवणारी ॲप बहुतेक वेळा या दुहेरी रचनेतूनही चालतात; बाहेरून थेट पोर्ट उघडून पाहण्याची सवय असेल तर ती सोडावी लागेल.

यात सुरक्षा मिळते, वेग मिळत नाही. फोटो चढवणारे फोन तीच लाईन भरत राहतात, आणि त्यांना लगाम घालायचा तर तो बाहेरच्या राऊटरवरच घालावा लागेल, जिथे ती सोय बहुधा नसते. गिऱ्हाईक मोजके असतील आणि दुसरा पिंग ठीक येत असेल, तर हा पर्याय पुरेसा आहे. आपल्या दुकानाला नाही.

तिसरा पर्याय छोट्या कार्यालयांसाठीच्या राऊटरचा: मायक्रोटिक हेक्स किंवा टीपी-लिंक ईआर६०५ सारखा, पाच गिगाबिट पोर्टचा, आणि सोबत वायफाय देणारा एक वेगळा ॲक्सेस पॉईंट. दोन्ही मिळून साधारण दहा हजारांच्या आसपास धरा. इथे बिलिंग, कॅमेरे आणि गिऱ्हाईक तीन वेगळ्या नेटवर्कमध्ये ठेवता येतात, आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाइकांच्या एकूण वापरावर मर्यादा घालता येते. मायक्रोटिकवर, गिऱ्हाइकांचे नेटवर्क 192.168.20.x आणि दुकानाचे 192.168.10.x असेल तर, गाभा दोन ओळींचा आहे:

```
/queue simple add name=guest target=192.168.20.0/24 max-limit=8M/20M
/ip firewall filter add chain=forward src-address=192.168.20.0/24 dst-address=192.168.10.0/24 action=drop
```

पहिल्या ओळीत आधीचा आकडा अपलोडचा, नंतरचा डाऊनलोडचा. कॅमेरे क्लाऊडवरच ठेवले तरी त्यांचे १२ आणि गिऱ्हाइकांचे ८ मिळून २० होतात. ५० च्या लाईनवर बिलाला वाट मोकळी राहते. कॅमेरे वेगळ्या नेटवर्कमध्ये ठेवले तर दुसऱ्यासारखीच ओळ त्या नेटवर्कसाठीही लागेल. आणि एक खाचखळगा: मायक्रोटिकच्या मूळ फायरवॉलमध्ये वाहतूक जवळच्या वाटेने झटपट पुढे नेणारा FastTrack चा नियम चालू असतो, आणि त्यातून जाणाऱ्या वाहतुकीला या मर्यादा लागूच होत नाहीत. सगळे नीट भरूनही फरक दिसला नाही तर तो नियम बंद करा.

इंटरनेटवाल्याचा राऊटर ब्रिजवर, म्हणजे जोडणी नुसती पुढच्या राऊटरकडे देणारा, ठेवून मिळाला तर उत्तम; त्यासाठी जोडणीच्या लॉगिनचे, म्हणजे पीपीपीओईचे, नाव आणि पासवर्ड त्याच्याकडून घ्या. तो तयार नसेल तर त्याच्या राऊटरचे वायफाय बंद करा आणि पाठीमागे नवा राऊटर जोडा. फक्त एकही उपकरण जुन्या राऊटरवर राहू देऊ नका, कारण ते मर्यादेच्या बाहेरून निसटते.

आपल्या दुकानासाठी आमची शिफारस हीच: केबल आणि तिसरा पर्याय. कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंगही दुकानातल्याच रेकॉर्डरवर आणा. सहा कॅमेरे २ एमबीपीएसने दिवसाला साधारण १३० जीबी भरतात, म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर आठवडाभर, एच.२६५ करून बिटरेट निम्मा केला तर दोन आठवडे.

चौथा पर्याय म्हणजे गिऱ्हाइकांसाठी वेगळी जोडणी. सेटिंगची कटकट जवळपास शून्य, पण दर महिन्याला बिल, आणि कॅमेऱ्यांनी खाल्लेले वायफाय तसेच राहते. पावसाळ्यात एक लाईन तुटली तर दुसरी उपयोगी पडेल या हिशेबाने घेत असाल, तर दोन्ही तारा कुठून येतात ते आधी पाहा. त्याच विजेच्या खांबांवरून येत असतील तर माडाची एक झाप दोन्ही तोडेल. निव्वळ बिलिंग चालू ठेवण्यासाठी फोनचा हॉटस्पॉट पुरतो, कारण बिलाला डेटा नगण्य लागतो. त्यासाठी बिलिंगच्या कॉम्प्युटरला वायफाय असायला हवे. डेस्कटॉपला ते नसेल तर यूएसबीचे छोटे वायफाय ॲडॅप्टर आताच आणून, हॉटस्पॉटचा पासवर्ड भरून एक बिल करून पाहा. नेटवर्कवरचा प्रिंटरही त्याच वेळी तपासा: केबल काढू नका, म्हणजे बिल हॉटस्पॉटवरून जाईल आणि छपाई केबलवरून. इथे विंडोज नेटसाठीही केबलच धरून बसले, तर केबलच्या सेटिंगमध्ये पत्ता हाताने भरून गेटवेचा रकाना रिकामा ठेवा; मग ते नेटसाठी हॉटस्पॉटच वापरते. लाईन परत आली की सेटिंग पुन्हा आपोआप पत्ता घेण्यावर ठेवा.