दोन वर्षांची एसआयपी: माहितीपत्रकातले 12 टक्के आणि माझ्या तारखांचे 7.6

दरमहा 5,000 रुपयांची हायब्रिड फंडातली एसआयपी मी 10 एप्रिल 2023 ला सुरू केली. मार्च 2025 पर्यंत 24 हप्ते गेले, म्हणजे 1,20,000 रुपये. 9 एप्रिल 2025 ला स्टेटमेंटमध्ये किंमत 1,29,600 दिसत होती. त्याच सुमारास एजंटने हप्ता दुप्पट करा म्हणून नवं माहितीपत्रक पाठवलं. वर ठळक अक्षरांत ‘वार्षिक 12 टक्के’, खाली तक्ता: 5,000 रुपये महिना, 2 वर्षांत 1,36,216 आणि 10 वर्षांत 11,61,695. हप्ता वाढवण्याआधी हे आकडे माझ्या हप्त्यांशी ताडून बघायचं ठरवलं.

पहिली अडचण अशी की अ‍ॅपमध्ये ‘नफा 8 टक्के’ दिसतो आणि तोच वार्षिक दर वाटतो. तो एकूण नफा आहे, 1,20,000 वर 9,600. त्याला 2 ने भागून वर्षाला 4 टक्के म्हणणंही बरोबर नाही, कारण सगळे पैसे दोन वर्षं गुंतलेले नव्हते. पहिला हप्ता 24 महिने राहिला, शेवटचा जेमतेम एक महिना. वार्षिक दर काढायचा तर प्रत्येक हप्ता किती काळ आत होता ते धरावंच लागतं.

हे कागदावरही जमतं. 24 अधिक 23 अधिक 22 असं 1 पर्यंत मिळवलं की 300 येतात. 300 गुणिले 5,000 म्हणजे 15 लाख. याचा अर्थ, 15 लाख रुपये एक महिना वापरायला दिल्यासारखं झालं. 12 ने भागलं की 1,25,000 रुपये एक वर्ष. त्यावर 9,600 मिळाले, म्हणजे 7.68 टक्के. चक्रवाढ धरलेली नसल्यामुळे ही पद्धत किंचित जास्त दाखवते, पण दोन-तीन वर्षांच्या एसआयपीला अंदाज घ्यायला पुरेशी आहे. दहा वर्षांसाठी मात्र वापरू नका.

नेमका आकडा स्प्रेडशीटमधल्या XIRR सूत्राने मिळतो, ते प्रत्येक रकमेची तारीख धरून वार्षिक दर काढतं. एका रकान्यात तारखा, दुसऱ्यात रकमा. हप्ते उणे चिन्हाने, शेवटची किंमत अधिक चिन्हाने.

```
A1   10-Apr-2023   B1   -5000
...
A24  10-Mar-2025   B24  -5000
A25  09-Apr-2025   B25  129600

=XIRR(B1:B25, A1:A25)
```

माझं उत्तर 7.6 टक्के आलं. उणे चिन्ह द्यायचं राहिलं तर `#NUM!` दिसतं, आणि तारखा मजकूर म्हणून टाइप झाल्या असतील तरी सूत्र अडतं. तारखांचा रकाना आधी तारखेच्या फॉरमॅटमध्ये करून घ्या.

तारखा फंडाच्या किंवा बँकेच्या स्टेटमेंटवरून घ्याव्यात, मनाने दर महिन्याची 10 लिहू नये. 10 जून 2023 ला शनिवार होता, युनिट्स सोमवारी 12 तारखेच्या एनएव्हीने, म्हणजे एका युनिटच्या त्या दिवशीच्या किमतीने मिळाले. 2021 च्या फेब्रुवारीपासून पैसे फंडाच्या खात्यात जमा झाल्यावरचीच एनएव्ही लागते, त्यामुळे सुट्टी आली की तारीख पुढे सरकते. मी स्वतः बँकेतून पैसे गेल्याची तारीख धरतो, कारण माझ्या हातातून पैसे त्या दिवशी सुटले. दोन-तीन दिवसांनी उत्तर टक्क्याच्या शंभराव्या भागांत हलतं, फार नाही. वटला नाही तो हप्ता चुकून धरला तर मात्र उत्तर साफ बिघडतं. स्टेटमेंटमध्ये हप्त्यासमोर 4,999.75 दिसतात, 25 पैसे मुद्रांक शुल्क कापलेलं असतं. सूत्रात पूर्ण 5,000 लिहायचे, तेवढे खिशातून गेलेत.

शेवटच्या किमतीबद्दल थोडं जास्त काटेकोर राहावं लागतं. पडद्यावर 1,29,600 असले तरी माझ्या फंडात वर्षाच्या आत काढलेल्या युनिट्सवर 1 टक्का एक्झिट लोड आहे. शेवटचे 12 हप्ते त्यात सापडतात, म्हणजे सुमारे 600 रुपये कापले जातील. ते वजा केले की दर साधारण 7.1 वर येतो, आणि कर त्यानंतर.

आता माहितीपत्रकातला तक्ता. त्याच सूत्रात 1,29,600 च्या जागी त्यांचे 1,36,216 टाकून बघितले. 12 यायला हवं होतं, आलं जवळपास 12.7. तक्ता बनवताना 12 टक्क्यांना 12 महिन्यांनी भागून दरमहा 1 टक्का धरलेला आहे. दरमहा 1 टक्का चक्रवाढीने वर्षाला 12.68 होतो. वर्षाला खरोखर 12 टक्के हवे असतील तर महिन्याचा दर 0.949 च्या आसपास येतो. मग दोन वर्षांचा आकडा 1,35,325 होतो, म्हणजे फरक 900 रुपयांच्या आत. दहा वर्षांत मात्र 11,61,695 ऐवजी साधारण 11,20,000 होतात. एवढ्या एका भागाकारामुळे तक्त्यात 41,000 हून अधिक रुपये वाढलेले दिसतात. बरेच ऑनलाइन कॅल्क्युलेटरही असाच हिशोब करतात. मी एजंटला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “अहो, सगळे असंच धरतात.” धरत असतील, पण वर ‘वार्षिक’ असं छापलं की आकडाही वार्षिकच हवा, आणि हे 12 टक्के गृहीत धरलेले आहेत हे तळाच्या बारीक टायपात नव्हे, तक्त्याच्या डोक्यावर लिहायला हवं.

दोन वर्षांच्या एसआयपीत एकूण नफा आणि वार्षिक दर जवळजवळ सारखे दिसतात, माझे 8 आणि 7.6. कारण सरासरी हप्ता साडेबारा महिनेच आत असतो. हा योगायोग फक्त याच मुदतीचा आहे. 36 हप्त्यांवर एकूण 25 टक्के नफा झाला तर वार्षिक दर 15 च्या आसपास असतो. कोणी 25 ला 3 ने भागून 8.3 म्हटलं तर ते कमी, आणि 25 हेच वार्षिक म्हणून छापलं तर ती फसवणूक. पत्रकात मुदत 3 वर्षांची दिसली की मी आधी हेच तपासतो.

आता माझ्या 7.6 वर कितपत विसंबायचं? एप्रिल 2025 च्या पहिल्या आठवड्यात बाजार जोरात खाली आला होता, आणि माझी शेवटची तारीख नेमकी तिथे पडली. किंमत आणखी फक्त 3 टक्क्यांनी घसरून 1,25,700 झाली असती तर दर साडेचारवर आला असता. 3 टक्के वर असती तर साडेदहाच्या वर गेला असता. म्हणून फंड वाईट आहे असं मी या आकड्यावरून म्हणणार नाही. पत्रकात मागच्या कामगिरीचा आकडा असेल तर शेवटची तारीख आधी शोधा. सप्टेंबर 2024 च्या अखेरीस निफ्टी उच्चांकावर होता, त्या दिवसापर्यंत मोजलेला दर कोणाचाही चांगलाच दिसेल.

फंडाची पारख करायला मी दुसरा हिशोब ठेवला आहे. अ‍ॅम्फी या म्युच्युअल फंड कंपन्यांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर जुन्या एनएव्ही मिळतात. माझ्याच तारखांना 5,000 भागिले निफ्टी इंडेक्स फंडाची एनएव्ही केली की युनिट्स मिळतात. त्यांची बेरीज गुणिले शेवटची एनएव्ही, आणि तोच आकडा त्याच सूत्रात. हायब्रिडमध्ये रोखेही असतात, त्यामुळे ही तुलना अगदी समान नाही, पण तारखा आणि हप्ते तरी सारखे राहतात. हप्ता सध्या 5,000 वरच ठेवला आहे. एजंटकडे 12 टक्के खरोखर वार्षिक धरून केलेला तक्ता मागितलाय, तो अजून आलेला नाही.