हॉलची आणि ऑनलाइनची हजेरी एकाच शीटमध्ये: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आमचं केळीचं मासिक प्रशिक्षण जळगावला एका हॉलमध्ये होतं आणि रावेर, शहादा, धडगावकडचे लोक मोबाइलवरून बघतात. वेळ सकाळी 10 ते 1. प्रमाणपत्रासाठी तीन चतुर्थांश वेळ, म्हणजे 135 मिनिटं हजर असावं लागतं. दारावर क्यूआर स्कॅन आणि ऑनलाइनसाठी मीटिंगच्या ॲपचा रिपोर्ट अशी व्यवस्था आठ महिन्यांपूर्वी केली. हजेरी माझ्याकडे.

पहिल्या महिन्यात मी सरळ दोन्ही याद्यांची बेरीज केली. आकडा झकास आला, पण खोटा. हॉलमध्ये बसलेल्या कित्येकांनी स्लाइड नीट दिसाव्यात म्हणून मोबाइलवर लिंकही उघडली होती. ते सगळे दोनदा मोजले गेले.

याच्या उलट गंमत यावलच्या एका आबांची. सकाळी हॉलमध्ये होते, चहानंतर गावी जायला निघाले आणि 12:05 ला वाटेतून ऑनलाइन जोडले गेले, ते शेवटपर्यंत. एकूण बेरजेत ते दोनदा होते आणि प्रमाणपत्राच्या यादीत एकदाही नाही, कारण कुठल्याच एका यादीत त्यांची 135 मिनिटं भरत नव्हती. फोन करून म्हणाले, ‘भाऊ, मी तर दोन्हीकडे होतो ना!’

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दारावरचा स्कॅन हा एक क्षण असतो आणि लॉगिन हा कालावधी. या दोन गोष्टींची बेरीज होत नाही. म्हणून आता चहानंतर पुन्हा स्कॅन घेतो. पहिला स्कॅन म्हणजे आल्यापासून 11:30 पर्यंत, दुसरा म्हणजे तिथून 1 पर्यंत. दुसरा स्कॅन नसेल तर हजेरी चहापर्यंतच. चहाची वेळही मोजतो, त्यावर वाद घालत बसत नाही. आबांचे हॉलचे 90 आणि ऑनलाइनचे 55, एकूण 145. प्रमाणपत्र दिलं.

ऑनलाइन रिपोर्टमधल्या Duration वर मात्र विसंबू नका. नेटवर्क गेलं की माणूस बाहेर पडतो, परत आला की नवी ओळ. धडगावकडच्या एकाच्या सात-सात ओळी आल्यात. त्यांची बेरीज चालते. पण एकाने मोबाइल आणि लॅपटॉप दोन्ही लावले की बेरीज फसते. एकाचा मोबाइल 10:05 ते 11:20, लॅपटॉप 10:30 ते 11:50. बेरीज 155, म्हणजे पास. प्रत्यक्षात माणूस 10:05 ते 11:50 होता, म्हणजे 105 मिनिटं.

त्यामुळे मी हॉल आणि ऑनलाइनच्या सगळ्या ओळी एकाखाली एक टाकतो. A मध्ये मोबाइल नंबर, B मध्ये सुरुवात, C मध्ये शेवट. 10 च्या आधीचं आणि 1 च्या नंतरचं कापून टाकतो. मग आधी नंबरने, त्यात सुरुवातीच्या वेळेने सॉर्ट करतो. पहिली ओळ शीर्षकाची. D मध्ये त्या माणसाचा आतापर्यंतचा सर्वांत उशिराचा शेवट, E मध्ये नव्याने भरलेली मिनिटं:

```
D2: =IF(A2=A1, MAX(D1,C2), C2)
E2: =IF(A2=A1, MAX(0, C2-MAX(B2,D1)), C2-B2)*1440
```

ही सूत्रं खाली ओढायची आणि नंबरनिहाय E ची बेरीज घ्यायची. वरच्या माणसाचे 75 अधिक 30, बरोबर 105 येतात. हॉलमध्ये बसून लिंक उघडणाऱ्यांचा प्रश्नही यातच मिटतो.

नंबर कशाला? कारण रिपोर्टमध्ये ईमेल बहुतेकांचा रिकामा असतो, आणि नाव म्हणाल तर खान्देशात नुसतं ‘पाटील’ लिहून काय कळणार! शिवाय मोबाइलचं मॉडेलच नाव म्हणून लावणारे वेगळे. आता नोंदणीत नंबर घेतो आणि जोडताना नावापुढे शेवटचे चार आकडे लिहायला सांगतो. न लिहिणाऱ्याला मीटिंग चालू असतानाच विचारावं लागतं, दुसऱ्या दिवशी त्यालाही आठवत नाही.

चौथ्या महिन्यात वेगळीच फजिती झाली. 42 जण 11:31 ला हॉलमध्ये आलेले दिसले. एका दारावर एका माणसाला आठ-दहा सेकंद लागतात, मिनिटात 42 कसे होतील? स्कॅन करणाऱ्या पोराच्या फोनला नेट नव्हतं. चहाच्या वेळी नेट आलं, सगळे स्कॅन तेव्हा वर गेले आणि ॲपने तीच वेळ लावली. तेव्हापासून एका मिनिटातले स्कॅन आधी मोजतो. दुसऱ्या एका ॲपच्या फाइलमध्ये 10 वाजताचा स्कॅन 4:30 दिसायचा. ती वेळ यूटीसीची होती, साडेपाच तास मिळवले की झालं.

एवढं करून दर महिन्याला अर्धा-पाऊण तास जातो, पूर्वी अख्खी संध्याकाळ जायची. एक गाठ मात्र सुटलेली नाही. ओसरीवर एकच मोबाइल टेकवून बाप, दोन मुलं आणि शेजारी बघतात. लॉगिन एक, माणसं चार. त्यामुळे अहवालात मी ऑनलाइनपुढे ‘माणसं’ लिहीत नाही, ‘लॉगिन’ लिहितो. प्रमाणपत्र ज्याचा नंबर त्याला, आणि त्यावरून धाकट्याचा फोन दर महिन्याला येतोच.