चार जीबीच्या कॉम्प्युटरवर फोटोपी: आठ महिन्यांनंतर

श्रावणात एका संध्याकाळी बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायला एक मुलगी आली. शेवटची तारीख होती. फोटो तिने घरीच मोबाइलवर काढलेला, मागे पिस्ता रंगाची भिंत आणि केस मोकळे. फोटोपी या ब्राउझरमध्येच फुकट चालणाऱ्या एडिटरमध्ये तो उघडून मी पाऊण तास एकेक बट सोडवत बसले होते. शेवटी पांढरा थर टाकला आणि स्क्रीन गोठली. मग टॅबच बंद पडला आणि सगळं गेलं. ती म्हणाली, "ताई, राहू द्या, स्टुडिओत जाते." तिथे कुलूप होतं. फॉर्म कसाबसा गेला, पण मला रात्रभर चैन पडली नाही.

बार्शीजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान आहे. कॉम्प्युटर जुना आय-थ्री, रॅम चार जीबी, साधी हार्ड डिस्क. दर महिन्याला पैसे मागणारं सॉफ्टवेअर मला परवडत नाही, कारण आठ पासपोर्ट फोटोंच्या कॉपीचे मी चाळीस रुपये घेते. म्हणून फोटोपी. सुरुवातीचे दोन महिने माझं ठाम मत होतं की जुन्या मशीनवर हे चालणार नाही. ते मत मी मागे घेतलं आहे, आणि का घेतलं ते नीट सांगते, कारण याच एका गोष्टीवर सगळं अडतं.

फोटोची फाइल दहा एमबीची दिसते, म्हणून आपण ती लहान समजतो. पण ती जेपीजी आहे, म्हणजे दाबून बसवलेली. एडिटरमध्ये उघडली की ती पूर्ण उलगडते आणि प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात. त्या मुलीचा फोटो पन्नास मेगापिक्सेलचा होता. पाच कोटी पिक्सेल गुणिले चार, म्हणजे एकाच थराला साधारण दोनशे एमबी. वर थराची कॉपी, नको तो भाग न पुसता झाकणारा मास्क, पांढरा थर आणि मागे जाण्यासाठी साठवलेल्या पायऱ्या. चार जीबीपैकी बरीचशी रॅम विंडोज आणि ब्राउझरनेच घेतलेली असते, उरलेल्यात हे मावणार कसं? दोष फोटोपीचा नव्हता. मी पोत्यातलं धान्य डब्यात ओतत होते.

क्रोममध्ये Shift + Esc दाबलं की कोणता टॅब किती मेमरी खातोय ते दिसतं. बारा मेगापिक्सेलचा फोटो उघडून बघा, मग पन्नासचा बघा. फरक लगेच कळतो.

तेव्हापासून मी आधी फोटो कापते, मग लहान करते आणि मगच बॅकग्राउंडला हात लावते. क्रॉप टूलमध्ये 35 आणि 45 हे प्रमाण ठेवून डोकं आणि खांदे घ्यायचे. नंतर Ctrl + Alt + I दाबून Image Size मध्ये आकार बदलायचा. इथे मी दुसरी चूक केली. पासपोर्ट फोटो 35 बाय 45 मिलिमीटर, 300 डीपीआयला 413 बाय 531 पिक्सेल, म्हणून थेट तेवढाच केला. केसांच्या कडा पायऱ्यांसारख्या तुटक आल्या. एवढ्या छोट्या चित्रात एक बट एका पिक्सेलपेक्षाही बारीक होते, मग ती निवडणार कशी? आता मी तिप्पट ठेवते, 1240 बाय 1594. एका थराला आठ एमबीसुद्धा लागत नाहीत, आणि बट मात्र शाबूत राहते. शेवटी एक्सपोर्ट करताना लहान करायचं.

कापण्याची पद्धत साधी आहे. Quick Selection ने अंग आणि डोकं निवडायचं, मग Select मधून Refine Edge. तिथे पांढरा म्हणजे ठेवायचा भाग, काळा म्हणजे काढायचा, आणि करडा म्हणजे ज्याचा हिशोब फोटोपीने करायचा. करडा ब्रश केसांच्या कडेवरच फिरवा. मी आधी पूर्ण डोक्यावर फिरवायचे, त्यामुळे कपाळात भोकं पडायची आणि मशीनही घुटमळायचं. निकाल मास्क म्हणून घ्यायचा, खोडरबराने पुसायचं नाही. शाळेच्या ओळखपत्राला निळं बॅकग्राउंड लागतं आणि महिन्याने तेच मूल पांढऱ्यासाठी येतं. मास्क असला की खालच्या थराचा रंग बदलला, काम झालं. त्यासाठी Save as PSD करून फाइल ठेवायची. मध्येच टॅब गेला तरी तीच वाचवते.

आणि तो पिस्ता रंग! त्यावर मी दोन रविवार घालवले. भिंतीचा रंग केसांच्या कडांवर उतरलेला असतो. तो कापून जात नाही, कारण तो केसांमध्येच मिसळलेला असतो. पांढऱ्यावर ठेवलं की डोक्याभोवती हिरवट कड दिसते. मास्क आत ओढला तर केस कापले जातात आणि डोकं टोपी घातल्यासारखं दिसतं. उपाय असा: फोटोच्या थरावर नवा रिकामा थर घ्या, त्याला Clipping Mask करा, त्याचा मोड Color ठेवा आणि काळ्या ब्रशने केसांच्या कडांवर फिरवा. Color मोड उजेड-अंधार तसाच ठेवतो, फक्त रंग बदलतो. काळ्याला स्वतःचा रंग नसल्यामुळे हिरवा उतरून करडा होतो. आजीच्या पांढऱ्या केसांनाही हेच चालतं. कानाजवळ मात्र सांभाळा, कातडी राखेसारखी होते. तिथे Alt धरून गालाचा रंग उचला आणि तो फिरवा.

तपासायला खाली थोडा वेळ गडद लाल थर ठेवते. पांढऱ्यावर जे ठिपके डोळ्यांतून सुटतात ते लालवर उघडे पडतात. गजरा आणि पांढरी साडी यांची अडचण मात्र खरी आहे, पांढऱ्यात पांढरं हरवतं. बँकेच्या परीक्षेच्या, म्हणजे आयबीपीएसच्या फॉर्मला फिकट, शक्यतो पांढरं बॅकग्राउंड चालतं, म्हणून तिथे मी अगदी फिकट करडं देते. जिथे पांढरंच हवं तिथे गजरा काढून फोटो पुन्हा काढायला सांगते.

आयबीपीएसच्या त्याच फॉर्मला फोटो 200 बाय 230 पिक्सेल आणि 20 ते 50 केबी लागतो. हे प्रमाण 35 बाय 45 पेक्षा वेगळं आहे, म्हणून त्यासाठी 200 आणि 230 या प्रमाणात कापायचं. Export as मध्ये जेपीजी निवडलं की क्वालिटीची पट्टी सरकवताना फाइल किती केबी होईल ते तिथेच दिसतं. बॅकग्राउंड सपाट पांढरं झालं की फाइल इतकी हलकी होते की कधी 20 च्या खाली जाते आणि फॉर्म ती नाकारतो. मग क्वालिटी वाढवायची. ही पट्टी मला फोटोपीतली सगळ्यात उपयोगी गोष्ट वाटते.

उजवीकडे जाहिराती असतात आणि 1366 रुंदीच्या स्क्रीनवर जागा कमी पडते. ब्राउझरचा झूम ८० टक्के केला की पॅनल पुरेसे दिसतात. नेटचं म्हणाल तर एकदा पान उघडलं की नेट गेलं तरी हाताने करायचं हे काम चालू राहतं, कारण फोटो आपल्याच मशीनवर असतो, कुठे पाठवला जात नाही. बायाबापड्या माझ्याकडे आधार कार्ड आणि फोटो घेऊन येतात, त्यांना हे मी आवर्जून सांगते.

परवा तीच मुलगी दुसऱ्या परीक्षेच्या फॉर्मला आली. फोटो त्याच भिंतीसमोरचा. बारा मिनिटं लागली.